विदा-उसळींचे चिन्हांकन

विदा-उसळींचे चिन्हांकन म्हणजे ठरावीक कालांतराने अद्ययावत होणाऱ्या विदेमध्ये एखादा आकडा नेहमीच्या पातळीपेक्षा एकाएकी फार वर गेलेला किंवा खाली आलेला आढळल्यास, साध्या सांख्यिकीय उंबरठ्याच्या आधारे तो ओळखणे आणि मूळ आकडा जागेवर ठेवून त्यास स्पष्टीकरणात्मक खूण जोडणे. अशा आकड्यास सांख्यिकीत 'बाह्यांक' असेही म्हणतात. बाह्यांक वगळून टाकण्याची पद्धत जुनी व सोयीची आहे. परंतु जेथे आकड्यामागे माणसे मोजलेली असतात, तेथे वगळलेली उसळ ही पुष्कळदा सर्वांत महत्त्वाची नोंद असते. महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या मोखाडा व जव्हार तालुक्यांतील बालकुपोषणाच्या मासिक आकडेवारीवरून ही गोष्ट चांगली समजते. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच आकडेवारीच्या संदर्भाने या पद्धतीचे विवेचन केले आहे.

## पार्श्वभूमी

मोखाडा आणि जव्हार हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, म. ठाकूर, क. ठाकूर, कातकरी आदी आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये झालेल्या बालमृत्यूंमुळे हा परिसर राज्यभर चर्चेत आला, तर २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंमुळे कुपोषणाच्या आकड्यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

हे आकडे अंगणवाडीत तयार होतात. अंगणवाडी सेविका दरमहा सहा वर्षांखालील मुलांचे वजन व उंची मोजते आणि नोंद करते. २०२१ पासून ही नोंद केंद्र शासनाच्या 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल उपयोजनात होते. अंगणवाड्यांचे आकडे पर्यवेक्षिकेच्या बीटवर, बीटचे प्रकल्पावर आणि प्रकल्पाचे जिल्ह्यावर एकत्र होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांनुसार ज्या बालकाचे उंचीच्या तुलनेत वजन मध्यकापेक्षा तीन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असते, ज्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असतो, किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर पोषणजन्य सूज असते, ते बालक तीव्र कुपोषित (बोलीत 'सॅम') गणले जाते.

या विदेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. एक म्हणजे ती दरमहा ताजी होते आणि मागील महिन्यांच्या नोंदीही उशिराने बदलतात. दुसरे म्हणजे मोजली जाणारी लोकसंख्याच स्थिर नाही. भात व नागलीची कापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबरच जातात. त्यामुळे हिवाळ्यात गावातील अंगणवाडीच्या पटावर असलेली काही मुले प्रत्यक्षात मोजली जात नाहीत आणि मे-जूनमध्ये ती एकदम पुन्हा मोजमापात येतात.

## उंबरठा कसा ठरवतात

सर्वांत परिचित उंबरठा सरासरी व प्रमाण विचलनाचा आहे. आकडा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपेक्षा दूर गेला की तो असाधारण मानावा, हा संकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२० च्या दशकात कारखान्यांतील गुणवत्ता-नियंत्रणासाठी मांडलेल्या आलेखांपासून रूढ झाला. यंत्रातून निघणारे हजारो सुटे भाग मोजताना तो उत्तम चालतो. मासिक आकड्यांची लहान मालिका हाती असताना मात्र तो फसतो. कारण उसळ स्वतःच सरासरी वर ओढते आणि प्रमाण विचलन फुगवते, म्हणजे ज्याला पकडायचे तोच फूटपट्टी ताणून मोठी करतो. हा दोष केवळ वरवरचा नाही. `n` आकड्यांच्या मालिकेत कोणताही आकडा सरासरीपासून `(n-1)/√n` प्रमाण विचलनांपेक्षा अधिक दूर असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध होते. दहा महिन्यांच्या मालिकेसाठी ही मर्यादा २.८५ येते. म्हणून दहा महिन्यांच्या विदेवर 'तीन विचलनां'चा नियम लावला, तर उसळ कितीही मोठी असली तरी तो ती कधीच दाखवणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे सरासरीऐवजी मध्यक घेणे आणि प्रमाण विचलनाऐवजी मध्यकापासूनच्या अंतरांचाच पुन्हा मध्यक काढणे. या दुसऱ्या राशीला 'मध्यक निरपेक्ष विचलन' म्हणतात. तिला १.४८२६ ने गुणले की सामान्य वितरणाच्या बाबतीत ती प्रमाण विचलनाच्या जोडीला येते. एखादा आकडा मध्यकापासून अशा ३.५ एककांहून दूर असल्यास त्यास चिन्हांकित करावे, अशी शिफारस बोरिस इग्लेविट्झ व डेव्हिड होगलिन यांनी १९९३ मध्ये केली आणि ती आज सर्रास वापरली जाते. एकट्या आकड्याने मध्यक फारसा हलत नाही; त्यामुळे येथे उसळीला आपली फूटपट्टी ताणता येत नाही.

## एक उदाहरण

पुढील आकडे पद्धत समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष बीटचे नाहीत. समजा, एका बीटमध्ये सप्टेंबर ते जून या दहा महिन्यांत तीव्र कुपोषित बालकांची संख्या अनुक्रमे १४, १२, १५, १३, ११, १२, १०, १२, १३ आणि ४१ अशी नोंदली गेली. जूनचा आकडा डोळ्यांनाही खुपतो. तरीही सरासरी १५.३ व प्रमाण विचलन ९.१ येत असल्याने तीन विचलनांचा उंबरठा ४२.७ वर जातो आणि ४१ हा आकडा त्याखालून सहज निसटतो.

आता मध्यकाने पाहू. मध्यक १२.५ आहे. त्यापासूनची अंतरे चढत्या क्रमाने मांडली तर पाच वेळा ०.५, मग १.५, १.५, २.५, २.५ आणि शेवटी २८.५ अशी येतात व त्यांचा मध्यक १ भरतो. म्हणून एक एकक १.४८२६ आणि वरचा उंबरठा १२.५ अधिक ५.२, म्हणजे १७.७. जूनचा आकडा मध्यकापासून १९ हून अधिक एकके दूर असल्याने तो चिन्हांकित होतो. पायथन भाषेत ही कृती अशी लिहिता येते:

```python
med = s.median()
mad = (s - med).abs().median()
df["flag"] = (s - med).abs() > 3.5 * 1.4826 * mad
```

या तीन ओळींत काहीही वगळले जात नाही, हे महत्त्वाचे. `flag` हा नवा स्तंभ तयार होतो आणि मूळ आकड्यांचा स्तंभ जसाच्या तसा राहतो.

उंबरठ्याचे काम येथे संपते. ४१ हा आकडा असाधारण आहे एवढेच तो सांगतो; तो चुकीचा आहे असे सांगत नाही. खरे काम नंतरचे आहे आणि त्यासाठी शेजारचा एक आकडा लागतो, तो म्हणजे त्या महिन्यात किती मुलांचे वजन-उंची घेतली. समजा मे महिन्यात ६४० मुले मोजली गेली आणि जूनमध्ये ९१०. म्हणजे २७० मुले नव्याने मोजमापात आली. आधीच्या ६४० मुलांतील तीव्र कुपोषितांची संख्या १३ च्या आसपासच राहिली असे धरले, तर उरलेली २८ बालके या २७० मुलांमधली ठरतात. गावात राहिलेल्या मुलांमध्ये तीव्र कुपोषणाचे प्रमाण सुमारे २ टक्के आणि परतलेल्या मुलांमध्ये ते १० टक्क्यांहून अधिक आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. आकडा चुकलेला नव्हता. वीटभट्टीवरून आलेल्या मुलांची प्रकृती त्यात प्रथमच दिसत होती. तो 'बाह्यांक' म्हणून पुसला असता तर बीटची ओळ सुबक दिसली असती आणि ज्या २८ बालकांना ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे, नेमकी तीच कागदावरून नाहीशी झाली असती.

अर्थात वरील वजाबाकीत एक गृहीतक आहे. गावातच राहिलेल्या मुलांची स्थितीही जूनमध्ये खालावू शकते, कारण घरातले धान्य त्याच सुमारास संपत येते. म्हणून या हिशेबाला पुरावा न मानता चौकशीची दिशा मानावे. बालकनिहाय नोंद उपलब्ध असल्यास २८ पैकी किती बालके आधीच्या महिन्यांत मोजली गेली नव्हती, हे थेट पाहता येते.

## खुणेत काय असावे

'संशयास्पद' एवढा एकच शब्द लिहिलेली खूण निरुपयोगी ठरते. आकडा कोणत्या नियमाने चिन्हांकित झाला, त्या वेळी उंबरठा किती होता, चौकशीत काय कारण आढळले आणि ते कोणत्या तारखेस नोंदले, एवढा तपशील खुणेबरोबर असावा लागतो. कारण माहीत नसेल तर 'कारण अनिश्चित' असे स्पष्ट लिहिणे योग्य. रिकामी जागा पुढील वाचकाला 'तपासले, ठीक आहे' अशी वाटण्याचा धोका असतो.

कुपोषणाच्या मासिक विदेत उसळीची कारणे साधारणतः थोडीच असतात. स्थलांतरितांचे परतणे हे एक. दुसरे म्हणजे विशेष तपासणी मोहीम: एरवी न पोहोचलेल्या पाड्यांवर पथके गेली की संख्या वाढते, आणि मोहीम संपल्यावर उतरते. तिसरे कारण थकलेल्या नोंदींचे. मोबाइलला संपर्कक्षेत्र नसलेल्या पाड्यांतील दोन-तीन महिन्यांच्या नोंदी एकाच वेळी चढल्या आणि त्या मोजमापाच्या तारखेऐवजी नोंदणीच्या तारखेखाली गेल्या, तर मागे खळगा आणि पुढे उसळ अशी जोडी दिसते. ही जोडीच त्याची ओळख होय. खळग्यातील तूट आणि उसळीतील वाढ साधारण जुळत असल्यास नोंदी उशिरा आल्या असे समजण्यास हरकत नाही. चौथे कारण निकषातील बदलाचे. त्याने निर्माण होणारा बदल मात्र उसळीसारखा परत खाली येत नाही. आकडे नव्या पातळीवर स्थिरावतात. अशा पायरीला उसळ समजून दरमहा खूण करत राहणे व्यर्थ असते. त्या तारखेपासून मालिका नवी धरावी लागते.

विदा पुन्हा ताजी झाल्यावर खुणेचे काय करायचे, हा प्रश्न पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. जूनचा ४१ हा आकडा ऑगस्टमध्ये दुरुस्त होऊन ३६ झाला, तर जुनी खूण तशीच चिकटून राहणे चूक आणि चौकशीच्या नोंदीसह ती पुसली जाणे ही त्याहून मोठी चूक. यंत्राने लावलेली खूण प्रत्येक वेळी नव्याने काढावी. माणसाने लिहिलेले कारण मात्र वेगळ्या तक्त्यात, ज्या मूल्याविषयी ते लिहिले त्या मूल्यासह, कायम ठेवावे. मूल्य बदलले की 'पूर्वीच्या ४१ या आकड्याविषयी' असा संदर्भ त्या नोंदीस आपोआप प्राप्त होतो.

## राज्यपातळीवरील एक उदाहरण

थकलेल्या नोंदींची महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उसळ १६ जून २०२० रोजी दिसली. कोविड-१९ च्या मृत्यूंचा ताळमेळ घेतल्यानंतर राज्याने त्या दिवशी यापूर्वी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकूण संख्येत मिळवले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. त्या दिवसाच्या नियमित अहवालातील मृत्यू ८१ होते. दैनंदिन आलेखावर याचा एकच प्रचंड स्तंभ उभा राहिला आणि देशाच्या आलेखावरही तो उमटला. तो स्तंभ वगळला, तर १,३२८ माणसे एकूण बेरजेतून गळतात. तो खूण न करता ठेवला, तर त्या दिवशी साथ कित्येक पटींनी उसळली असा भास होतो आणि सात दिवसांची चल सरासरीही आठवडाभर फुगलेली राहते. स्तंभ ठेवून त्यावर 'मागील मृत्यूंचा समावेश' अशी टीप देणे आणि मृत्यूच्या प्रत्यक्ष तारखा उपलब्ध होताच ते त्या त्या दिवशी वाटून देणे, हाच प्रामाणिक मार्ग होता. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यातही अशाच ताळमेळाचे स्तंभ राज्याच्या मालिकेत आले.

## एकेका बालकाच्या नोंदीवरील खुणा

मासिक बेरजेपूर्वी, प्रत्येक बालकाच्या मोजमापावरही उंबरठा लावता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी स्थिर मर्यादा दिल्या आहेत. उंचीनुसार वजनाचा निर्देशांक −५ पेक्षा कमी किंवा +५ पेक्षा जास्त, वयानुसार उंचीचा −६ पेक्षा कमी किंवा +६ पेक्षा जास्त आणि वयानुसार वजनाचा −६ पेक्षा कमी किंवा +५ पेक्षा जास्त आल्यास ते मोजमाप जैविकदृष्ट्या अशक्यप्राय मानून चिन्हांकित होते. संघटनेची संगणकप्रणाली अशा नोंदी टक्केवारीच्या हिशेबाबाहेर ठेवते, पण मूळ संचिकेत त्या तशाच राहतात. हिशेबातून बाजूला ठेवणे आणि विदेतून काढून टाकणे यांतील हा भेद नेमका आहे. तो न पाळल्यास नंतर कोणी मर्यादा बदलून हिशेब पुन्हा मांडू इच्छिले तर ते शक्य होत नाही.

या मर्यादांनी ठोक चुका सापडतात. दंडाचा घेर १३.२ सेंटिमीटरऐवजी मिलिमीटरमध्ये १३२ असा लिहिला गेला, तर तो कोणत्याही उंबरठ्यावर अडकतो. परंतु बारीक चूक निसटते. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या, ८ किलो वजनाच्या मुलीची उंची ७५ सेंटिमीटर असेल तर ती तीव्र कुपोषित नाही. तीच उंची घाईत ८५ अशी लिहिली गेली की ती तीव्र कुपोषितांच्या गटात जाते, मात्र −५ ची मर्यादा ओलांडत नाही. अशी नोंद उंबरठा बिनतक्रार पुढे जाऊ देतो. ती पकडण्याचा उपाय म्हणजे त्याच मुलीची मागील महिन्याची उंची पाहणे. महिन्याभरात दहा सेंटिमीटर वाढ कोणत्याही मुलाची होत नाही. याच्या उलट, अत्यंत खंगलेल्या बालकाचा निर्देशांक −५ च्या खाली खरोखरच जाऊ शकतो. म्हणून या खुणेचा पहिला परिणाम 'नोंद रद्द' असा न होता 'बालकाला आजच पुन्हा मोजा' असा व्हावा. पुनर्मोजणीत आकडा तोच आला, तर ते बालक रुग्णालयात न्यावयाचे असते.

## मर्यादा

फार लहान संख्यांवर वरील मध्यकाची पद्धत कोलमडते. एकेका अंगणवाडीत तीव्र कुपोषित बालकांची मासिक संख्या बहुधा ०, ०, १, ०, ०, ०, १ अशी असते. येथे मध्यक शून्य, अंतरांचा मध्यकही शून्य, आणि म्हणून उंबरठाही शून्य. परिणामी एकही बालक आढळले की खूण लागते. सेविकेला दरमहा खुलासा मागितला जाऊ लागला, तर पुढील महिन्यापासून काठावरची बालके न नोंदण्याचा मोह निर्माण होतो, हा यातील गंभीर धोका आहे. त्यासाठी उंबरठा अंगणवाडीऐवजी बीटच्या पातळीवर लावतात, किंवा किमान पाच-सहा बालकांचा फरक असल्याशिवाय खूण करू नये अशी तळरेषा ठेवतात.

ऋतुमान ही दुसरी अडचण. दर जूनमध्ये मुले परतत असतील तर दर जूनला खूण लागेल आणि काही वर्षांत तिच्याकडे कोणी पाहणार नाही. जूनची तुलना मागील जूनशी करणे हे तत्त्वतः योग्य. परंतु एकाच निकषाने मोजलेले चार-पाचच जून हाती असतात आणि तेवढ्यावर कोणताही उंबरठा भक्कम उभा राहत नाही. तुलनेने सोपा उपाय म्हणजे संख्येऐवजी मोजलेल्या मुलांमागील प्रमाण घेणे. त्याने परतीची लाट बरीच शमते व प्रमाणातील खरी वाढ शिल्लक राहते. महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या स्थलांतर-नोंद प्रणालीसारख्या स्रोताची जोड मिळाल्यास परतलेली मुले वेगळी मोजणेही शक्य होते.

शेजारच्या ठिकाणाशी तुलना करून उसळ खरी की खोटी हे ठरवण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिच्यावर विसंबताना सावधगिरी हवी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रुझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच शहरातील कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास. शेजाऱ्याशी जुळत नाही म्हणून आकडा वगळणाऱ्या कोणत्याही स्वयंचलित नियमाने सांताक्रुझची नोंद काढून टाकली असती.

शेवटी, उंबरठा दोन्ही दिशांनी लावावा लागतो. उसळ डोळ्यांत भरते, खळगा भरत नाही. एखाद्या बीटचा आकडा १३ वरून एकदम ० वर आला तर आढावा बैठकीत त्याचे स्वागत होण्याचीच शक्यता अधिक. वरील उदाहरणात खालचा उंबरठा १२.५ उणे ५.२, म्हणजे ७.३ येतो, आणि शून्य त्याच्या बरेच खाली आहे. त्या महिन्यात किती मुले मोजली गेली हे पाहिल्यास कारण सहसा कळते: वजनकाटा बंद असतो, सेविकेचे पद रिक्त असते, अहवाल आलेलाच नसतो व तक्त्यात कोऱ्या जागेचे शून्य झालेले असते, किंवा डिसेंबर उजाडलेला असतो आणि पाड्यावर मुलेच उरलेली नसतात.